एका संध्याकाळीत संपणारा पहिला खेळ: एका पानाचे नियम आणि मिठाची पोती

प्रश्न: "आम्ही वाळूज एमआयडीसीत एकाच ऑफिसात काम करणारे सहा जण आहोत. टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम आमच्यापैकी कोणीही खेळलेला नाही. येत्या शनिवारी संध्याकाळी सात ते साडेदहा एवढाच वेळ सगळ्यांना मोकळा आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्सचा स्टार्टर सेट मागवावा, की दुसरे काही घ्यावे? आणि सुरुवात नेमकी कशी करावी?"

या शनिवारसाठी स्टार्टर सेट मागवू नका. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा 1974 पासून चालत आलेला, टेबलाभोवती बसून एकेका पात्राच्या भूमिकेतून गोष्ट रचायच्या या साऱ्या प्रकाराचा मूळपुरुष म्हणावा असा खेळ आहे आणि माझे त्याच्यावर मनापासून प्रेम आहे, परंतु तो एका बैठकीसाठी घडवलेला नाही. 2014 च्या स्टार्टर सेटमधले साहस पात्रांना पहिल्या पातळीपासून पाचव्या पातळीपर्यंत नेते आणि त्याला अनेक बैठका लागतात. नवख्या गटाला त्यातली एकच चकमक पूर्ण करायला सहज एक तास लागतो, कारण प्रत्येकाला आपल्या पाळीला कागदावरचा कोणता आकडा पाहायचा आणि कोणता फासा उचलायचा हे विचारावे लागते. मी स्वतः पहिल्यांदा सूत्रधार, म्हणजे प्रसंग सांगून खेळ चालवणारा, झालो तेव्हा पात्रे तयार करण्यातच दोन तास गेले होते, आणि लोक घरी निघाले तेव्हा गोष्टीतली माणसे अजून गावाच्या वेशीबाहेरही पडली नव्हती. त्या मित्रांपैकी दोघे पुन्हा कधी खेळायला आले नाहीत, ही गोष्ट मला आजही लागते.

तुमच्यासाठी मी 'लेझर्स अँड फीलिंग्ज' सुचवतो. जॉन हार्पर यांनी 2013 मध्ये लिहिलेला हा खेळ संपूर्णपणे एका पानावर मावतो आणि ते पान मोफत मिळते. साहित्य म्हणून साधे सहा बाजूंचे फासे पुरतात. दोन लुडोच्या डब्यांतले गोळा केले तरी काम भागते. मूळ खेळात तुम्ही एका अंतराळयानावरचे कर्मचारी असता आणि यानाचा कप्तान एका विचित्र मानसिक शक्तीच्या तावडीत सापडून बेशुद्ध पडलेला असतो. ही पार्श्वभूमी आवडली तर जशीच्या तशी घ्या. मी मात्र आपल्याकडच्या नवख्या गटांसाठी ती बदलतो, त्याचे कारण पुढे सांगेन. आधी नियम समजून घ्या, कारण सगळी करामत त्यातल्या एका आकड्यात आहे.

प्रत्येक खेळाडू दोनपासून पाचपर्यंतचा एक आकडा निवडतो. आकडा मोठा असेल तर ते पात्र 'लेझर्स'मध्ये, म्हणजे तंत्र, हिशोब आणि थंड डोक्याने करायच्या कामांत तरबेज असते. आकडा लहान असेल तर 'फीलिंग्ज'मध्ये, म्हणजे माणसे जोडणे, समजूत घालणे आणि जिवाच्या आकांताने काही करणे यांत तरबेज असते. मराठी टेबलावर मी या दोन बाजूंना 'डोके' आणि 'काळीज' म्हणतो. डोक्याचे काम असेल तर फाशावर आपल्या आकड्याहून कमी पडायला हवे, आणि काळजाचे काम असेल तर आकड्याहून जास्त. टाकायला एक फासा सगळ्यांनाच मिळतो; आधीपासून काही तयारी केलेली असेल तर आणखी एक, आणि ते काम तुमच्या पात्राच्या हातखंड्याचे असेल तर आणखी एक. म्हणजे जास्तीत जास्त तीन फासे झाले. शिवाय दुसरा कोणी मदतीला आला, तर त्याने आपण मदत कशी करतो ते सांगून आधी स्वतःचे दान टाकायचे. ते जमले तर मूळ खेळाडूला एक फासा वाढवून मिळतो.

मग जमलेले फासे मोजायचे. एकही जमला नाही तर परिस्थिती बिघडते आणि कशी बिघडते ते सूत्रधार सांगतो. एक जमला तर काम कसेबसे होते, पण सोबत नवी अडचण येते. दोन जमले तर काम व्यवस्थित होते, आणि तीन जमले तर वर काही जादाही पदरात पडते. फाशावर नेमका आपलाच आकडा पडला, तर त्या पात्राला आतून काहीतरी उमगते: खेळाडूने सूत्रधाराला एक प्रश्न विचारायचा आणि सूत्रधाराने खरे उत्तर द्यायचे. मूळ पानात यानंतर हवे तर कृती बदलून पुन्हा फासे टाकण्याची मुभा आहे. नवख्यांबरोबर मी तो फासा सरळ यश म्हणून मोजतो, कारण पुन्हा टाकण्याने गोष्टीचा ओघ तुटतो.

या मोजणीप्रमाणे चार आकडा घेतलेल्या माणसाचे डोक्याचे दान एका फाशावर सहापैकी चार वेळा जमते आणि काळजाचे सहापैकी तीन वेळा. डोक्याच्या कामाला त्याच्या हातात दोन फासे आले, तर पूर्ण फसण्याची शक्यता नवात एकवर येते, मात्र 'कसेबसे, पण अडचणीसह' ही अवस्था नवात चार वेळा येते. हा खेळ एका संध्याकाळीत रंगतो तो याच अवस्थेमुळे. काम पुढे सरकते आणि पुढच्या प्रसंगाचे बीही त्याच दानात पडते, त्यामुळे सूत्रधाराला आठवडाभर आधी कथानक लिहून ठेवावे लागत नाही.

आता पार्श्वभूमीविषयी. अंतराळयानावर पहिल्यांदाच बसलेल्या माणसाला तिथे काय असते हे ठाऊक नसते, म्हणून तो प्रत्येक पावलाला सूत्रधाराच्या तोंडाकडे पाहतो. त्याच माणसाला देवगिरीसारख्या किल्ल्यावर नेऊन उभे करा. त्याला खंदक माहीत असतो, अंधारी माहीत असते, शाळेच्या सहलीत त्या काळोख्या वळणांवर मुले कशी ओरडतात हेही आठवते, आणि तो न विचारता बोलू लागतो. म्हणून मी देवगिरीच्या 1296 च्या वेढ्याविषयी सांगितली जाणारी एक हकिकत उचलतो: घाईघाईने किल्ल्यात भरलेली धान्याची पोती उघडली, तर त्यांत मीठ निघाले. मात्र किल्ल्याचे नाव आणि काळ मी काल्पनिकच ठेवतो, आणि तुम्हीही ठेवा. खरे नाव घेतले की टेबलावरचा इतिहासप्रेमी मेंढा तोफ आणि चांदमिनार त्या वेळी होते का यावर बोलू लागतो. ते दोन्ही नंतरचेच आहेत, त्यामुळे त्याचे म्हणणे बरोबरही असते, पण तेवढ्यात अर्धा तास निघून जातो. शिवाय ऑफिसच्या टेबलावर वेगवेगळ्या समाजांतली माणसे बसलेली असतात. वेढा घालणारे कोण हा प्रश्न बाहेरच ठेवून संकट किल्ल्याच्या आत ठेवले, की सगळ्यांना एका बाजूने खेळता येते.

पात्रे पंधरा मिनिटांत झाली पाहिजेत. पाच चिठ्ठ्यांवर पाच कामे लिहून न्या: कोठीचा कारकून, वैद्यीण, पाथरवट, जासूद आणि मुदपाकखान्याची मुख्य स्वयंपाकीण. दुसऱ्या पाच चिठ्ठ्यांवर स्वभाव लिहा: उतावीळ, भाविक, गोडबोल्या, संशयी, अबोल. प्रत्येकाने एकेक चिठ्ठी निवडायची, आकडा ठरवायचा, पात्राला नाव द्यायचे आणि शेजारच्या पात्राशी असलेले एक नाते एका वाक्यात सांगायचे, जसे की "या वैद्यिणीने माझ्या मुलाला वाचवले आहे". यापलीकडे पूर्वायुष्य लिहू देऊ नका. सहावी व्यक्ती सूत्रधार.

सूत्रधार कोण असावा, याबाबत माझे मत ठाम आहे: तुमच्यात जो टीम लीडर किंवा वरिष्ठ असेल, तो नसावा. सूत्रधाराकडे होय-नाही म्हणण्याचा अधिकार असतो, आणि तो अधिकार साहेबांकडे गेला की खेळाडू काय बरे दिसेल याचा विचार करू लागतात. वरिष्ठांना जासूद किंवा पाथरवट करा आणि टेबलावर सगळ्यांनी एकमेकांना पात्राच्या नावानेच हाक मारायची असे ठरवून घ्या. ही अडचण ओळखण्याची खूण सोपी आहे: प्रश्न एका कनिष्ठ सहकाऱ्याला विचारला आणि उत्तर देण्यापूर्वी त्याने 'सरां'कडे पाहिले, तर समजावे की ऑफिस अजून खोलीतच आहे. तसे दिसले तर पुढच्या प्रसंगात त्या कनिष्ठाचे पात्र आणि वरिष्ठाचे पात्र वेगळे करा; एकाला कोठीत ठेवा आणि दुसऱ्याला तटावर पाठवा.

चार महिन्यांपूर्वी छत्रपती संभाजीनगरात एका मित्राच्या घरी असाच सहा जणांचा गट बसला होता आणि सूत्रधार मी होतो. ती संध्याकाळ तपशिलाने सांगतो, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. सात वाजून पंचवीस मिनिटांनी मी पहिले वाक्य बोललो: वेढ्याची चौथी रात्र आहे, तुम्ही पाच जण कोठीत उभे आहात, स्वयंपाकिणीने पोत्याची शिवण कापली आणि आतून मीठ सांडले, हे अजून बाहेर कोणालाही माहीत नाही, तुम्ही काय करता? यापुढचे मी काहीही ठरवून नेले नव्हते. कागदावर फक्त तीन ओळी होत्या: पोती कोणी पाठवली, किल्लेदाराला काय हवे आहे, आणि पहाटे शत्रूचा दूत बोलणी करायला येणार आहे.

कारकुनाचा आकडा चार होता. पोती कोणत्या व्यापाऱ्याची हे शिवणीवरून ओळखायचे, असे तो म्हणाला. हे डोक्याचे काम आणि त्याच्या हातखंड्याचे, म्हणून दोन फासे. तीन आणि पाच पडले. चारहून कमी एकच, म्हणून कसेबसे यश. शिवणीचा दोरा ओळखीचा निघाला, पण दिवा उंच धरल्यामुळे पहारेकऱ्याच्या पोराने सगळे पाहिले. आता त्या पोराला गप्प करायला हवे होते. वैद्यिणीचा आकडा दोन. तिने त्याला जवळ बसवून गूळ दिला; गूळ तिच्या पिशवीत असतो हे तिने आधीच सांगून ठेवले होते, म्हणून तयारीचा एक फासा वाढला. काळजाच्या या दानात दोन आणि चार पडले. चार जमला, आणि दोन तर नेमका तिचाच आकडा. तिने विचारले, "हे पोर सर्वांत आधी कोणाला सांगेल?" मी खरे उत्तर दिले की आईला, आणि आई किल्लेदाराच्या वाड्यावर राबते. हे उत्तर मला त्या क्षणीच सुचले आणि पुढचा पाऊण तास त्यावर चालला.

पाथरवटाचा प्रसंग मी मुद्दाम सांगतो, कारण नवा सूत्रधार नेमका तिथे चुकतो. पाथरवटाचा आकडा पाच होता आणि तो म्हणाला, "मी भुयारातून बाहेर जातो." अशा वेळी लगेच फासे टाकायला लावू नका, "कसा जातोस?" असे विचारा. तो म्हणाला, "धावतच, वेळ कुठे आहे?" धावत सुटणे हे काळजाचे काम ठरले, त्यामुळे त्याला पाचाहून जास्त, म्हणजे सहा, किंवा नेमका पाच हवा होता, एक फासा टाकला आणि तीन पडला. आपणच कोरलेल्या छिन्नीच्या खुणा हाताने चाचपत जातो, असे तो म्हणाला असता, तर तेच काम डोक्याचे आणि हातखंड्याचे ठरून दोन फाशांवर पाचपर्यंतचे सगळे आकडे त्याच्या बाजूचे झाले असते. हे मी दान पडल्यानंतर त्याला समजावून सांगितले. तेव्हापासून सगळे जण "मी अमुक करतो" याऐवजी "मी अमुक असे करतो" असे बोलू लागले, आणि खेळात जीव आला तो तिथपासून.

फसलेल्या त्या दानानंतर मी काय केले, तेही महत्त्वाचे आहे. "तुला रस्ता सापडत नाही" असे म्हटले असते, तर गोष्ट तिथेच अडून राहिली असती. देवगिरीच्या अंधारीत शिरलेल्या शत्रूला कोंडण्यासाठी धूर सोडत असत, असे सांगतात. ते आठवून मी म्हणालो की तुझ्या पावलांचा आवाज वरच्या पहारेकऱ्यांनी ऐकला, शत्रूच शिरला असे त्यांना वाटले आणि त्यांनी भुयाराच्या तोंडाशी जाळ पेटवला. आता धूर खाली उतरतो आहे. बाकी चौघे काही न सांगता खुर्च्यांच्या कडेवर आले. दान फसले की परिस्थिती बदललीच पाहिजे, हा नियम लिहिलेले पान समोर ठेवा. लागोपाठ दोनदा "काही झाले नाही" असे उत्तर तुमच्या तोंडून गेले, तर टेबलावरची माणसे मोबाइल उचलू लागतील.

साडेआठला आम्ही थांबलो आणि नान-खलिया मागवला होता तो जेवलो. जेवण खेळाच्या मध्ये ठेवा, खेळताना नको. रस्सा आणि चिठ्ठ्या एका टेबलावर नांदत नाहीत, आणि ही पंचवीस मिनिटे सूत्रधाराला पुढचा विचार करायला फार उपयोगी पडतात. मी त्या वेळात एवढेच ठरवले की दूत पहाटेऐवजी मध्यरात्रीच येईल, कारण घड्याळ पुढे सरकत होते.

शेवटची युक्ती स्वयंपाकिणीची होती, आणि ती खेळणारी मैत्रीण तोवर सर्वांत कमी बोललेली होती. उरलेले चार पायली धान्य मिठाच्या पोत्यांच्या तोंडाशी पसरायचे, पोती उघडी ठेवायची आणि दूताला मुद्दाम कोठीतून न्यायचे, म्हणजे किल्ला वर्षभर तग धरेल असे त्याला वाटेल, असे तिने सांगितले. कारकुनाने खोटी वही दाखवायचे ठरवले: तयारी झालेली, काम हातखंड्याचे, म्हणून तीन फासे. पाच, सहा आणि दोन पडले. तीन फाशांत एकच यश. दूत भुलला, त्याने वेढा उठवण्याची भाषा केली, आणि निघताना आपल्या सरदाराला भेट म्हणून एक पोते मागून घेतले. ते छावणीत उघडेपर्यंत जेवढा वेळ मिळेल तेवढ्यात किल्ल्यातल्या माणसांना भुयारातून बाहेर काढायचे होते, आणि पाथरवटाने या वेळी खुणा चाचपत सगळ्यांना नेले. दहा वाजून वीस मिनिटे झाली होती.

संपूर्ण संध्याकाळीत पंचवीसच्या आसपास दाने पडली. त्याच्या दुप्पट पडत असतील, तर सूत्रधार क्षुल्लक गोष्टींनाही फासे टाकायला लावतो आहे असे समजावे. दार उघडणे, जिना चढणे, ओळखीच्या माणसाशी बोलणे यांना दान नको. फसल्यावर काहीतरी रंजक घडेल असे दिसेल तिथेच फासे उचला. वेळेचे भानही सूत्रधारानेच ठेवायचे असते. दहा वाजले की "आता शेवटचा प्रसंग" असे उघडपणे जाहीर करा. लोकांना ते खटकत नाही. राखून ठेवलेल्या युक्त्या ते तेव्हाच बाहेर काढतात.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच करा. एका कोऱ्या कार्डावर फुली काढून ते टेबलाच्या मधोमध ठेवा. ही जॉन स्टाव्रोपोलोस यांची पद्धत आहे: एखादी गोष्ट कोणाला नकोशी झाली, तर त्याने कार्डाला बोट लावायचे, कारण कोणी विचारायचे नाही आणि तो भाग वगळून पुढे जायचे. ऑफिसच्या गटात मी त्याला एक जोड देतो: ऑफिसमधल्या खऱ्या माणसाची नक्कल करणारे पात्र आणायचे नाही. वेढ्यातला कंजूष किल्लेदार हुबेहूब तुमच्या मॅनेजरसारखा बोलू लागला तर शनिवारी हशा पिकतो, पण सोमवारी ते कोणाच्या कानावर कसे जाईल हे आपल्या हातात राहत नाही.

या खेळाची मर्यादाही सांगतो. पात्रे वाढत नाहीत, त्यांना नवी कौशल्ये मिळत नाहीत, आणि तीन-चार बैठकांनंतर एकाच आकड्याचा खेळ पुरेनासा होतो. तेव्हा स्टार्टर सेट मागवा, तोवर टेबलावर बोलायची सवय झालेली असेल. सूत्रधार व्हायला कोणीच तयार नसेल, तर ॲलेक्स रॉबर्ट्स यांचा 2019 चा 'फॉर द क्वीन' पाहा. त्यात सूत्रधार नाही आणि फासेही नाहीत, पत्त्यांवरच्या प्रश्नांची उत्तरे देत गोष्ट उभी राहते, मात्र तो संथ आणि भावनांकडे झुकणारा आहे. नुसता धुडगूस हवा असेल, तर ग्रँट हॉविट यांचा 'हनी हाइस्ट' आहे: मध चोरायला निघालेली अस्वले, तोही एकाच पानाचा. 'फियास्को' हा उत्तम खेळ आहे, पण त्यात प्रत्येक प्रसंग खेळाडूंनाच उभा करावा लागतो, म्हणून पहिल्या संध्याकाळी तो मी कोणाला देत नाही.

शुक्रवारी रात्री सूत्रधाराने अर्धा तास काढावा. मूळ पान इंग्रजीत आहे, ते एकदा वाचून नियम मराठीत पाच मिनिटांत सांगता येतात का, हे घरातल्या कोणाला तरी सांगून पाहावे. चिठ्ठ्या, फुलीचे कार्ड, पाच पेन्सिली आणि निदान तीन फासे एका पिशवीत भरावेत, आणि संकट, त्यामागचा माणूस व येणारा पाहुणा अशा तीन ओळी लिहून थांबावे. चौथी ओळ लिहावीशी वाटली तरी लिहू नये; ती शनिवारी टेबलावरचे पाच जण सांगतील.